लावणीतला श्वास : रामजोशींच्या यमकांचा एक वेगळा विचार

सोलापूरच्या रामजोशींविषयी लिहिताना एक आक्षेप हटकून येतो. त्यांची लावणी संस्कृतप्रचुर शब्दांनी आणि यमकांच्या आतषबाजीने भारावलेली आहे, पुराणिकाच्या घरातली विद्वत्ता त्यांनी फडावर मिरवली, असे म्हटले जाते. हा आक्षेप छापील पान डोळ्यांनी वाचणाऱ्याचा आहे. लावणी गाणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर ओळीच्या पोटात येणारे यमक पुष्कळदा श्वासाची खूण ठरते.

पुराणिकांच्या श्लोकांत श्वासाची सोय वृत्तातच असते. स्रग्धरेच्या २१ अक्षरी चरणात दर ७ अक्षरांनी यती येतो. शार्दूलविक्रीडिताच्या १९ अक्षरांत तो १२व्या अक्षरानंतर येतो. यतीवर शब्द तुटला, तर तो यतिभंग. लावणी बहुधा मात्रांच्या आवर्तनांवर चालते. तिथे ढोलकी थांबत नाही, म्हणून विसाव्याची जागा कवीलाच रचनेत राखावी लागते. ती कशी राखली जाते, हे पाहण्यासाठी मी रचलेली एक साधी ओळ घेऊ :

सांज उतरली, गाडी वळली, नदीकिनारी वाट सरे

पहिले तीन तुकडे प्रत्येकी ८ मात्रांचे आहेत, शेवटचा ६ मात्रांचा. म्हणजे चौथ्या आवर्तनात २ मात्रा रिकाम्या राहतात. सेकंदाला ४ मात्रा अशी लय धरली, तर शब्द साडेसात सेकंद चालतात आणि उरलेला अर्धा सेकंद छाती भरून घ्यायला मिळतो. या २ मात्रा कवीला कमी पडलेल्या नाहीत, त्या त्याने गाणाऱ्यासाठी ठेवल्या आहेत.

पण अदाकारी करता करता गाणारीला साडेसात सेकंदही जड जातात. तिथे ‘उतरली’ आणि ‘वळली’ ही यमके कामाला येतात. दोन्हींच्या शेवटी ‘ली’ हे दीर्घ अक्षर आहे. त्याची एक मात्रा गाऊन दुसरीत चोरटा श्वास घेता येतो. कानाला यमक पुरे झालेले असते, अर्थही तिथे टेकलेला असतो, म्हणून ही चोरी उघडी पडत नाही. ‘नदीकिनारी’च्या शेवटीही दीर्घ अक्षर आहे; पण तिथे यमक नाही आणि अर्थ ‘वाट सरे’कडे धावतो आहे. तिथे श्वास घेतला, तर ओळ मोडते. दर यमकावर श्वास घ्यावा असे मात्र नाही. यमक जागा दाखवते; ती घ्यायची की सोडायची, हे गाणारी ठरवते.

आता हीच ओळ बिघडवून पाहू : ‘सांज उतरता गाडी वळली नदीकिनारी वाट हरवली’. मात्रा ३२, हिशेब चोख. पण ‘उतरता’वर अर्थ टेकत नाही आणि शेवटी रिकामी मात्रा एकही नाही. पुढची ओळ लगेच सुरू करायची, तर गाणारी ‘हरवली’ची ‘ली’ खुडते किंवा पुढच्या ओळीचे पहिले अक्षर गिळते. रचना कुठे चुकली, ते असे ऐकूनच कळते.

श्वास भलत्या ठिकाणी पडला, तर अर्थही उलटतो. ‘थांबू नको जाऊ’ हे तीन शब्द घ्या. ‘थांबू’नंतर श्वास घेतला, तर बोलणारी थांबायला सांगते, ‘नको’नंतर घेतला, तर निघायला सांगते.

भरगच्च ओळ नेहमीच चुकीची असते, असेही नाही. कडव्याच्या शेवटी सुरत्ये ध्रुपद उचलतात तेव्हा मुख्य गाणाऱ्याला पुरी ओळभर उसंत मिळते. पोवाड्यात झीलकऱ्यांचे ‘जी जी’ हेच काम करते. त्यामुळे ध्रुपदाच्या आधीची ओळ काठोकाठ भरलेली चालते. कडव्याच्या मध्ये तीच ओळ दम काढते. रामजोशींच्या एखाद्या ओळीला बोजड ठरवण्याआधी ती कडव्यात कुठे येते, हे पाहिले पाहिजे.

ही पाहणी अवघड होते ती छपाईमुळे. ‘जी जी’ला निरर्थक समजून वगळले, ध्रुपद एकदाच छापले, आतल्या यमकाजवळचा स्वल्पविराम गाळला, की विसाव्याच्या सगळ्या जागा पानावरून पुसल्या जातात. स्वरलिपीनेही हे भरून निघत नाही. भातखंडे पद्धतीत शब्दाखाली येणारा ऽ अक्षर लांबवल्याची खूण आहे. चरणाच्या शेवटच्या २ मात्रांखाली ‘ऽऽ’ लिहिले, की तिथे आवाज चालू आहे असा अर्थ होतो, आणि नेमकी श्वासाची जागा आवाजाने भरलेली दिसते.

म्हणून जुन्या लावण्यांच्या नव्या आवृत्त्या काढणाऱ्यांनी दोन खुणा वेगळ्या ठेवाव्यात : लांबवणीसाठी ऽ आणि श्वासासाठी अक्षराच्या माथ्यावर एक बारीक उभी रेघ. खात्रीची जागा असेल तिथेच ती द्यावी : चरणान्ती मात्रा रिकामी असेल तिथे, आणि दीर्घान्त यमकाशी अर्थही टेकत असेल तिथे. झील आणि ध्रुपद जिथल्या तिथे पूर्ण छापावे. अशा पानावर रामजोशींची यमके पुन्हा मोजली, तर त्यांतली किती मिरवण्यासाठी आहेत आणि किती गाणारीच्या छातीचा हिशेब धरून आली आहेत, हे ओळीओळीने दाखवता येईल.