रीतिभूतकाळातील झोप

मद्यपानाचे चित्रण म्हटले की मराठी वाचकाला प्रथम 'एकच प्याला' आठवते. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या या नाटकातील सुधाकर अपमानाच्या आघाताने प्याल्याकडे वळतो आणि सर्वनाशाप्रत जातो. प्रस्तुत कथेच्या अनाम नायकावर असा कोणताच आघात झालेला नाही. 1982 च्या संपापूर्वीच्या गिरणगावात तो साचेखात्यात रात्रपाळी करतो. सकाळी खोलीवर परतल्यावर त्याला हवी असते ती केवळ झोप. दारू ही त्याची चैन नव्हे. त्याच्या लेखी तो पाळीचाच शेवटचा भाग होय.

कथेचे खरे सामर्थ्य तिच्या क्रियापदांत आहे. तो पेला भरी, पडे, चार तासांनी घामाघूम होऊन जागा होई आणि शेजारच्या रेडिओला किंवा नळावरील भांडणाला दोष देई. मराठीचा हा रीतिभूतकाळ शेकडो सकाळींना एकच सकाळ करून टाकतो. सवय दिसत नाही, कारण वाक्यातच ती मुरलेली असते. पेल्यातील माप वाढते, झोप मात्र वाढत नाही.

पुढे तो रजेवर कोकणातील गावी जातो. तेथे रेडिओ नाही, नळ नाही, डोळ्यांवर ऊनही नाही. रात्री नेहमीचेच माप घेऊन तो पडतो, आणि चौथ्या तासाला जागा होतो. येथे लेखक प्रथमच साधा भूतकाळ योजतो: तो जागा झाला. हा प्रसंग शरीरधर्मालाही धरून आहे. दिवसा झोप अपुरी राहण्यास शरीराचे घड्याळही कारणीभूत असते. रात्री ते झोपेच्या बाजूला असते. दारू झोप लवकर आणते, परंतु तिचा अंमल उतरू लागला की उत्तरार्धातील झोप तुटक होते. गावाकडच्या त्या रात्री इतर सारी निमित्ते गळून पडतात आणि पेला तेवढा उरतो. नायकाला शास्त्र ठाऊक नाही. त्याला केवळ तास मोजता येतात, आणि तेवढे पुरते.

म्हणूनच शेवटी डॉक्टरच्या तोंडी घातलेले स्पष्टीकरण खटकते. जे नायकाने स्वतः शोधले, ते दुसऱ्याने सांगताच शोधाचा उपदेश होतो. शिवाय नायकाच्या पुढचा पेच डॉक्टरला दिसतच नाही: दारू सुटली तरी रात्रपाळी सुटणार नाही.

ही कथा अन्य भाषांत नेणाऱ्याने क्रियापदांचे हे वळण जपले पाहिजे. हिंदीत ते सहज साधेल. इंग्रजीचा साधा भूतकाळ मात्र सवय आणि घटना दोन्ही एकाच रूपाने सांगू शकतो. अनुवादकाने तेथे सावधपणा राखला नाही, तर गावाकडची ती रात्र इतर सकाळींसारखीच निघून जाईल, आणि कथेत काहीच घडले नाही असे परभाषी वाचकास वाटेल.