शून्य गुण की गैरहजर?

गणिताच्या एका घटक चाचणीचे विश्लेषण नुकतेच आमच्या पाहण्यात आले. गुणतक्त्याचे भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून त्यावरून आकडे उतरवले होते. चाचणी २० गुणांची होती आणि उतरवलेले गुण असे होते: ११, १२, १२, १३, १४, १४, १५, १६, १६, १७ आणि ०. मध्य १२.७, मध्यक १४ आणि प्रमाण विचलन ४.४ निघाले होते. त्यावरून निष्कर्ष काढला होता की, वर्गात फार तफावत आहे, तेव्हा मागे पडलेल्यांचा वेगळा गट करावा.

आकडेमोड आम्ही तपासली. ती अचूक आहे. चूक आहे ती त्या शून्यात. मूळ तक्त्यात तेथे 'गै.ह.' असे लिहिले आहे; छायाचित्रात त्यावर सावली पडली आणि उतरवणाऱ्याने ० मांडले. गैरहजर असणे हा गुण नव्हे. तो चौकोन वगळला, की मुले उरतात १० आणि बेरीज १४०, म्हणून मध्य १४. प्रत्येक गुणातून १४ वजा करून आलेल्या फरकांचे वर्ग केले, तर त्यांची बेरीज ३६ येते. तिला १० ने भागून वर्गमूळ काढले, की प्रमाण विचलन सुमारे १.९ मिळते. तफावत निम्म्याहूनही कमी झाली!

एका आकड्याने एवढा फरक का पडावा? कारण प्रमाण विचलनात फरकाचा वर्ग होतो. शून्य हे १२.७ या मध्यापासून तितकेच दूर. त्याचा वर्ग सुमारे १६२. अकराही वर्गांची बेरीज २१४. म्हणजे तीन चतुर्थांश 'तफावत' एकट्या गैरहजर मुलाची! मध्यक मात्र दोन्ही वेळा १४ च राहिला, कारण तो फक्त क्रम पाहतो. मध्य मध्यकापेक्षा बराच खाली घसरला, की टोकाचा आकडा आधी शोधावा.

तक्त्याखालची बेरीज जुळवून पाहिली होती, असे त्या शिक्षकांचे म्हणणे. १७ चे ११ वाचले असते, तर बेरीज ६ ने कमी भरली असती आणि चूक सापडली असती. पण शून्य मिळवल्याने बेरीज बदलत नाही. म्हणून बेरजेबरोबर उपस्थितांची संख्याही जुळवली पाहिजे.

आता १.९ चा अर्थ काय? मुले एकमेकांच्या जवळ आहेत, एवढाच. सर्वांना विषय समजला, असे त्यातून ठरत नाही. सर्वांचा एकच प्रश्न चुकला असेल, तरीही विचलन लहानच येईल. त्यासाठी प्रश्नवार गुण पाहावे लागतील. वेगळ्या गटाची मात्र येथे गरज दिसत नाही. आणि त्या गैरहजर मुलाला 'मागे पडलेला' ठरवण्याआधी त्याची चाचणी तरी घ्यायला हवी.