खिडकीवरच्या कंदिलापाशी थांबा

भावगीतावर लिहिलेले प्रबंधाचे आराखडे वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘या गीतात कथानकापेक्षा भाववृत्ती महत्त्वाची आहे.’ बरं, पण हे कशावरून? गाईड पहिला प्रश्न हाच विचारतील. त्याचं उत्तर शब्दांत, अगदी व्याकरणात दाखवता आलं पाहिजे. ते कसं, हे एका कवितेवर करून बघू.

कविता ग्रेस यांची, ‘ती गेली तेव्हा’. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीमुळे ती ‘निवडुंग’ चित्रपटातून घरोघरी पोचली. तुम्हीही ती बहुधा आधी ऐकली असेल, वाचली नंतर. म्हणून पहिली सूचना अशी, की गाणं बंद करा आणि छापील ओळी समोर घ्या. नाहीतर चालीतला हळवेपणा तुम्ही शब्दांच्या नावावर लिहून बसाल.

कवितेत घटना आहे. कुणीतरी स्त्री निघून जाते आणि पुढे कळतं की ती आई होती. कुठे गेली, का गेली, की वारली, काहीच सांगितलेलं नाही. इथे बरेच जण कवीच्या चरित्राकडे धावतात आणि प्रकरणाची दहा पानं त्यातच जातात. त्याऐवजी पहिल्या वाक्याची रचना बघा. आईचं जाणं ‘तेव्हा’ला बांधलेल्या गौण वाक्यात आहे. मुख्य वाक्य पावसाचं आहे. एरवी आपण ‘पाऊस पडत होता तेव्हा आई गेली’ असं सांगू. म्हणजे पाऊस पार्श्वभूमी आणि जाणं बातमी. इथे बातमीचीच पार्श्वभूमी झाली आहे आणि पाऊस पुढे आला आहे. कथानक मागे पडतं ते असं, वाक्यरचनेतच.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. प्रत्येक द्विपदीचा शेवट ‘होता’वर होतो. पाऊस, सूर्य, वारा यांची कामं चालूच असतात, संपत नाहीत. स्वतः एक चाचणी करा: ‘पाऊस वाजत होता’ आणि ‘पाऊस वाजला’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा. दुसऱ्यात पाऊस घडून संपतो आणि आपण लगेच ‘मग काय झालं?’ असं विचारतो. पहिल्यात तो प्रश्नच उठत नाही, आपण त्या पावसात उभे राहतो. कवितेत पूर्ण होणाऱ्या क्रिया थोड्याच आहेत: तिचं जाणं, मुलाचं रडणं, बालपण संपणं. सगळं नुकसान पूर्ण भूतकाळात आहे आणि भोवतालचं जग अपूर्ण भूतकाळात.

आता खिडकी. इथे खिडकीवर एक कंदील आहे, धुराने मळलेला, एकटा. आधीच्या ओळींत ‘होता’ सहायक म्हणून येत होता, कुणीतरी काहीतरी करत होतं. इथे तो एकटाच उरतो. कंदील काही करत नाही, तो नुसता असतो. हालचाल थांबते ती नेमकी या ओळीत. १४ मात्रांचा अर्धा चरण मात्र तसाच चालतो, त्यामुळे हे थांबणं कानाला धक्का देत नाही.

गंमत म्हणजे या द्विपदीत ‘संध्याकाळ’ हा शब्द नाही. ती आपण कंदिलावरून ओळखतो, शिवाय ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) हे ग्रेस यांच्या पहिल्या संग्रहाचं नाव डोक्यात असतंच. तेव्हा लिहिताना ‘संध्याकाळ सूचित होते’ असं लिहा, ‘वर्णन आहे’ असं नको.

धुराचंही तसंच. आमच्या धावड्याकडे (भोकरदन तालुका) ज्यांनी कंदील वापरलाय त्यांना माहीत असतं की दिवेलागणीआधी काच राखेने पुसावी लागते, वात कातरून सारखी करावी लागते. नाहीतर काच काजळते. हे काम घरात बहुतेक आईचं. मग त्या दिवशी काच पुसायला कोणी नव्हतं का? मला हा अर्थ पटतो. पण तो ओळीत लिहिलेला नाही, वाचकाच्या घरातून आलेला आहे. प्रबंधात तो द्यायचा तर ‘असं वाचता येतं’ एवढ्याच जोरावर द्या. शहरातल्या, दिव्याच्या बटणावर वाढलेल्या वाचकाला तिथे फक्त उदास रंग दिसेल आणि त्याचंही चुकलं असं म्हणता येणार नाही.

आणि एक द्विपदी टाळू नका, जी हळव्या वाचनात बसत नाही म्हणून पुष्कळ जण टाळतात. तिथे ‘आता’ येतो, वर्तमानकाळ येतो आणि मोठा झालेला मुलगा सांगतो की गहिवर उरलेला नाही. लगेच द्रौपदीची वस्त्रं येतात, पण ती पुरवणारा कृष्णच उघडा आहे. पावसाच्या, कंदिलाच्या मऊ सुरात हे खरखरीत लागतं. शेवटी ‘होता’ पुन्हा येतोच, फक्त आता तो कंदिलासारखा शांत राहिलेला नाही. ‘भाववृत्ती हळवी आहे’ हे तुमचं विधान या द्विपदीसमोर ठेवून बघा, आणि जेवढं टिकेल तेवढंच आराखड्यात लिहा.