खंडित वाक्याचा वारस

ज्या वाङ्मयप्रकारास आपण मराठीत 'कादंबरी' म्हणतो, त्यास ते नाव ज्या ग्रंथावरून मिळाले तो ग्रंथ मूळ कर्त्याच्या हातून पुरा झालेला नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. सातव्या शतकात हर्षाच्या आश्रयास असलेला बाणभट्ट कथा अर्ध्यावर टाकून निवर्तला, आणि ती त्याचा पुत्र भूषणभट्ट याने पूर्ण केली. पूर्वभाग प्रकरणाच्या अखेरीस संपत नाही. पत्रलेखा चंद्रापीडास कादंबरीचे मनोगत सांगत असता, ते बोलणे चालू असतानाच तो तुटतो.

पुत्रापुढील अडचण काय होती ते पाहावे. शूद्रक राजाला पोपट कथा सांगत आहे; पोपट जाबालि ऋषींचे शब्द सांगत आहे; जाबालींच्या कथेत पत्रलेखा बोलत आहे; आणि पत्रलेखेच्या बोलण्यात कादंबरी बोलत आहे. म्हणजे लेखणी जेथे थांबली तेथे एकात एक असे चार कंठ होते. पुढचा शब्द भूषणभट्टाने स्वतःच्या कंठाने उच्चारला असता, तर चारही एकदम बंद पडले असते. म्हणून जे स्वतःचे सांगावयाचे ते त्याने आरंभीच्या श्लोकांत वेगळे सांगून टाकले: काव्याच्या अभिमानाने नव्हे, तर कथा अपुरी राहिल्याचे सज्जनांचे दुःख पाहून आपण हे काम हाती घेतले. त्यानंतर तो बाजूस सरतो आणि कादंबरीस तिचे बोलणे पुरे करू देतो. सांधा त्याने उत्तम साधला. पुढे मात्र त्याची गती वाढते, वर्णने आखूड होतात, आणि कथानक शेवटाकडे ओढ घेते. कोणाची वाणी चालू आहे हे त्याने अचूक ओळखले. त्या वाणीला लागणारा सावकाशपणा त्याला शेवटपर्यंत टिकविता आला नाही.

हाच प्रश्न मराठी गद्यात कसा उभा राहतो, हे दाखविण्यासाठी मालवणच्या किनाऱ्यावरचा एक परिच्छेद मुद्दाम अर्धवट लिहून देतो:

"पावसाळा सरला की म्हातारा नारू रापणीच्या जाळ्यापाशी येऊन बसे. कोणी हाक मारली तर मान वर करी. पण बोलत नसे. किल्ल्याच्या तटावर ऊन चढे, मतलई वारा पडे, आणि तेव्हा कोठे तो"

येथे क्रियापदे रीतिभूतकाळाची आहेत: बसे, करी, चढे, पडे. एक दिवस घडलेले नव्हे, नित्य घडणारे असे ती सांगतात. पुढे लिहिणारा बहुधा येथेच फसतो. "उठला आणि सुनेला म्हणाला," असे त्याने लिहिले की वाक्य व्याकरणाने चालते, पण "तेव्हा कोठे" या शब्दांनी बांधलेली रोजची सवय अकस्मात एका दिवसाची घटना होते. वाचकास दोष सांगता येत नाही. पाय चुकल्यासारखे मात्र होते.

दुसरा काळ सांभाळतो आणि लिहितो, "अंतःकरणातील दुःखाचा अथांग सागर कसाबसा आवरून उठे." काळ बरोबर, सूर चुकला. आतापर्यंत निवेदकाने नारूच्या मनात एकदाही डोकावून पाहिले नव्हते. जे दिसले तेवढेच सांगितले. शिवाय समुद्र प्रत्यक्ष समोर असता त्याची उपमा येथे निष्कारण आहे.

आता हे पाहा: "उठे, सुई टोपीत खोवी, आणि घराची वाट धरी. एके दिवशी ऊन तटावर चढले, वारा पडला. तरी तो उठला नाही."

पहिल्या वाक्यात तीन लहान क्रिया आहेत. तुटलेल्या वाक्याची चालही तीन पावलांचीच होती. काळ येथेही बदलतो. परंतु "एके दिवशी" हे दार उघडून बदलतो, आणि ऊन व वारा ही पूर्वीचीच दोन निमित्ते नव्या काळात पुन्हा आल्यामुळे बदल कानास खटकत नाही. "बोलत नसे" या नकाराला "उठला नाही" हा नकार शेवटी उत्तर देतो. मूळ लेखकाचे शब्द उचलून अनुकरण साधत नाही, ते या मांडणीने साधते.

याची मर्यादाही सांगितली पाहिजे. एका परिच्छेदापुरता हा मेळ लक्षपूर्वक वाचनाने जमतो. शंभर पाने टिकवावयाचा तर लेखकाची घाई आणि विश्रांती दोन्ही अंगी मुरावी लागतात, आणि तेथे पोटच्या पुत्रासही बाण होता आले नाही. परीक्षा सोपी आहे. सांध्यापूर्वीची दोन आणि नंतरची दोन वाक्ये कोणास तरी मोठ्याने वाचून दाखवावी, आणि दुसरा हात कोठून लागला ते विचारावे. ऐकणाऱ्याने नेमक्या जागी बोट ठेवले, तर आधी क्रियापदांचा काळ तपासावा, मग वाक्यांची लांबी, आणि विशेषणांकडे सर्वांत शेवटी वळावे. कारण दोष बहुधा पहिल्या दोहोंतच सापडतो.