मोडलेले चाक आणि कार्डोझो यांचे निकालपत्र

डोनाल्ड मॅकफर्सन हा न्यूयॉर्क राज्यातला एक पाथरवट. त्याने एका विक्रेत्याकडून ब्युइक मोटार घेतली. एके दिवशी चालत्या गाडीच्या एका चाकाचे लाकडी आरे मोडले, गाडी कोसळली आणि तो बाहेर फेकला जाऊन जखमी झाला. चाकाचे लाकूडच सदोष होते. हे चाक ब्युइक कंपनीने दुसऱ्या कारखान्याकडून विकत घेतले होते. मात्र नीट तपासणी केली असती तर दोष दिसला असता आणि ती झालीच नाही, असा पुरावा समोर होता. मॅकफर्सनने भरपाई मागितली ती विक्रेत्याकडे नव्हे, कंपनीकडे. कंपनीचे म्हणणे असे की, आमचा करार विक्रेत्याशी झाला आहे. या गृहस्थाशी आमचे काहीच देणेघेणे नाही.

१४ मार्च १९१६ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या कोर्ट ऑफ अपील्सने, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, मॅकफर्सनच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र लिहिले बेंजामिन कार्डोझो यांनी. न्यायाधीश कायदा शोधतो की घडवतो, या जुन्या वादात दोन्ही पक्ष ज्याला आपला साक्षीदार मानू शकतील असे हे निकालपत्र आहे. रूपवाद्यांच्या मते कायदा आधीच असतो. पूर्वीच्या निर्णयांतून तत्त्व काढायचे आणि समोरच्या प्रकरणाला लावायचे, एवढेच न्यायाधीशाचे काम. वास्तववादी म्हणतात की पूर्वनिर्णय एकाच दिशेला नेत नाहीत; निवड न्यायाधीश करतो आणि कारणे त्या निवडीभोवती उभी राहतात. यांतले खरे काय, हे तपासायला सिद्धांतग्रंथ वाचण्यापेक्षा या निकालपत्राचा एकेक परिच्छेद वाचणे मला जास्त मोलाचे वाटते.

कार्डोझो सुरुवात करतात ती १८५२ च्या एका प्रकरणापासून. एका औषध बनवणाऱ्याने बेलाडोना या विषारी अर्काच्या बरणीवर डँडेलियन या निरुपद्रवी औषधाची चिठ्ठी लावली. बरणी दुकानदाराकडून ग्राहकाकडे गेली आणि चूक त्या ग्राहकाच्या घरातल्या माणसाला भोवली. बनवणारा जबाबदार ठरला. त्याचा ग्राहकाशी करार नव्हता, तरीही. पण हा अपवाद होता. मुख्य नियम १८४२ च्या एका इंग्लिश निर्णयाला धरून चालत होता. टपालाची घोडागाडी मोडून गाडीवान जखमी झाला, पण गाडी नीट ठेवण्याचा करार टपाल खात्याशी होता म्हणून त्याला काही मिळाले नाही. करार ज्याच्याशी, कर्तव्य त्याच्यापुरते. विषाचा अपवाद वेगळा, कारण विष स्वभावतःच घातक.

मोटारीचे चाक विषासारखे की घोडागाडीसारखे? प्रश्न असा मांडला तर मॅकफर्सन हरतो. कार्डोझो तो असा मांडतच नाहीत आणि निकालपत्राचे सारे सौंदर्य इथे आहे. ते मधले दाखले एकामागून एक पुढे ठेवतात. गोल करवतीचे एक चाक फुटून माणूस दगावला, तरी १८७० मध्ये बनवणारा सुटला. कार्डोझो सांगतात की तिथे दोष खरेदीदाराला दाखवलेला होता, त्याने जाणूनबुजून स्वस्त माल घेतला आणि चाक पाच वर्षे टिकले. वाफेचा बॉयलर फुटला, बनवणारा पुन्हा सुटला. का, तर खरेदीदार स्वतः चाचणी घेणार हे त्याला ठाऊक होते. हे दोन निर्णय ते चुकीचे म्हणत नाहीत. त्या त्या हकिकतीपुरते त्यांना बांधून ठेवतात आणि पुढे जातात. मग येते १८८२ ची परांची, जी कोसळून रंगारी मेला, आणि १९०९ मधले फुटलेले कॉफीचे मोठे भांडे. दोन्ही वेळा बनवणारा जबाबदार ठरला. परांची किंवा कॉफीचे भांडे स्वभावाने घातक नाही. हलगर्जीपणे बनवले तर घातक होते. म्हणजे अपवादाचा अर्थ केव्हाच रुंदावलेला होता, असे ते आपल्याला दाखवतात. वस्तू वाईट बनवली तर जिवाला धोका होणार हे दिसत असेल आणि खरेदीदाराशिवाय दुसरेच लोक ती नव्याने न तपासता वापरणार हे ठाऊक असेल, तर काळजी घेण्याचे कर्तव्य येतेच. ताशी ५० मैल धावण्यासाठी बनवलेली, तीन माणसे बसणारी मोटार या वर्णनात अलगद बसते. आणि मोटार वापरणार नाही अशी जवळपास खात्री ज्याच्याबद्दल देता येते तो एकच माणूस म्हणजे विक्रेता. कंपनी मात्र कर्तव्य मानते ते त्याच्यापुरतेच. हा युक्तिवाद वाचताना मला प्रत्येक वेळी आनंद होतो.

आतापर्यंतची भाषा शोधणाऱ्याची आहे: कायदा इथे होताच, आम्ही फक्त वाट दाखवली. पण निर्णायक जागी वाक्यांचा कर्ता बदलतो. कर्तव्याचा उगम करारातच असतो ही कल्पना आम्ही दूर ठेवली आणि तो उगम जिथे असायला हवा तिथे, कायद्यात, नेऊन ठेवला, अशा आशयाचे कार्डोझो लिहितात. ठेवणारे 'आम्ही' आहेत. शोधणाऱ्याला असे लिहावे लागत नाही. ही कबुली त्यांनी लपवलेली नाही, म्हणून मला हे निकालपत्र प्रामाणिक वाटते.

वास्तववाद्यांची बाजू बळकट करणारा आणखी एक पुरावा आहे. वर्षभरच आधी, १९१५ मध्ये, फेडरल अपील न्यायालयासमोर कॅडिलॅक कंपनीचे प्रकरण आले. तिथेही खराब लाकडाचे मोडलेले चाक, जवळपास तेच पूर्वनिर्णय. निकाल मात्र कंपनीच्या बाजूने. मॅकफर्सनच्या खटल्यात एकटे विरोधी मत देणारे मुख्य न्यायाधीश विलार्ड बार्टलेट यांनी त्याचाच आधार घेतला. करवत आणि बॉयलर हेच नियम, विष हा अपवाद, असे त्यांचे वाचन. शिवाय गाडी ताशी ८ मैलांनी चालली होती, त्याच वेगाने जाणाऱ्या घोडागाडीच्या सदोष चाकाहून हे चाक जास्त धोक्याचे नव्हते, असे ते दाखवून देतात. त्यांचे मत नीट बांधलेले आहे आणि तर्काची कोणतीही चूक त्यात मला सापडत नाही. तर्क दोघांचाही चालतो. तर मग तर्काने निकाल ठरला नाही.

तरीही न्यायाधीश हवे ते करतो, असे यातून निघत नाही. कार्डोझो यांनी कुठे थांबावे तेही याच निकालपत्रात आहे. सुटे भाग बनवणाऱ्याची जबाबदारी किती, हा प्रश्न ते उघडत नाहीत. प्रत्येक वस्तूचा बनवणारा जबाबदार, असेही म्हणत नाहीत. धोका संभवनीय हवा, निव्वळ शक्य असून भागत नाही. परांची आणि कॉफीचे भांडे हे दोन निर्णय आधी झालेले नसते तर १९१६ मध्ये त्यांना एवढे अंतर कापता आले असते असे मला वाटत नाही. येलमधल्या व्याख्यानांवर आधारलेल्या १९२१ च्या पुस्तकात त्यांनी ही भूमिका उघड मांडली: न्यायाधीश कायदा घडवतो, पण आधीच्या कायद्यातल्या फटी भरण्यापुरता.

माझे मत असे की, मॅकफर्सनचा कायदा कार्डोझो यांनी घडवला. साहित्य मात्र त्यांना सापडलेले होते, आणि त्यातल्या गैरसोयीच्या तुकड्यांचीही त्यांनी वाचकासमोर दखल घेतली. १९३२ मध्ये लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी गोगलगाय निघालेल्या बाटलीच्या स्कॉटिश खटल्यात याच निकालपत्राचा आधार घेतला आणि तिथून ते विचार इंग्लिश कायद्याच्या परंपरेतल्या देशांत पोहोचले. निकालपत्र छोटे आहे, एका बैठकीत वाचून होते. वाचणार असाल तर आधी बार्टलेट यांचे विरोधी मत वाचा, आणि ते पटल्यावरच कार्डोझो यांच्याकडे वळा.