थट्टेचा अधिकार

आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत जी थट्टामस्करी चालते, ती कुणी लिहून काढली तर वाचणाऱ्याला वाटेल की या माणसांचे एकमेकांशी हाडवैर असावे. प्रत्यक्षात तिथेच डबे वाटून खाल्ले जातात. तेच शब्द मी एकदा वर्गात एका मुलाला उद्देशून वापरले. त्याचे अक्षर पाहून मी काहीतरी बोललो, वर्ग हसला, तो मुलगाही हसला. मात्र त्यानंतर वर्षभर त्याने एकदाही प्रश्नाला हात वर केला नाही. शब्द तेच, हसूही तसेच. मग एका ठिकाणी स्नेह आणि दुसऱ्या ठिकाणी जखम, असे का व्हावे? या प्रश्नाचे थोडेफार उत्तर मला एका अमेरिकन पॉडकास्टमध्ये सापडले.

पॉडकास्ट म्हणजे आकाशवाणीसारखाच मुख्यतः कानांनी ऐकायचा कार्यक्रम. फरक इतकाच, की तो आपल्या सवडीने मोबाईलवर ऐकता येतो. मी म्हणतो त्या कार्यक्रमाचे नाव ‘कोनन ओब्रायन नीड्स अ फ्रेंड’. कोनन ओब्रायन हा अमेरिकन दूरदर्शनवरचा विनोदी सूत्रधार. 1993 पासून 2021 पर्यंत या ना त्या वाहिनीवर त्याने रात्रीच्या गप्पांचे कार्यक्रम केले. हा पॉडकास्ट त्याने 2018 साली सुरू केला. पाहुणा येण्यापूर्वी आणि गेल्यावर तिघेजण आपापसांत बोलत बसतात: कोनन, त्याची साहाय्यक सोना मोव्हसेशियन आणि निर्माता मॅट गोर्ली. माझ्या इंग्रजीची धाव बेताची असल्याने पहिल्या खेपेला मला शब्दांआधी त्यांचे हसणे आणि थांबणेच ऐकू येते. ही उणीव माझ्या पथ्यावर पडली असे मला वाटते. कारण या कार्यक्रमाचे मर्म पुष्कळसे तिथेच आहे.

प्रथम नावच पाहा. इतकी वर्षे नामांकितांशी गप्पा मारूनही या गृहस्थाला एक मित्र मिळू नये, ही थट्टा त्याने स्वतःचीच केली आहे. एवढ्यावर तो थांबत नाही. कार्यक्रमाच्या आरंभी प्रत्येक पाहुणा आपले नाव सांगतो आणि कोननचा मित्र होण्याबद्दल आपल्याला काय वाटते ते एका वाक्यात सांगतो. म्हणजे घरात पाऊल टाकणाऱ्याच्या हाती यजमानाने स्वतःच काठी द्यावी, तसा हा प्रकार. यजमान मालक आहे आणि प्रसिद्धही आहे. पहिला टोला त्याने आपल्या अंगावर घेतला नाही, तर पुढे त्याने इतरांना मारलेला प्रत्येक टोला उद्दामपणाचा वाटेल. वर्गात मी हेच विसरलो होतो. त्या मुलाच्या हाती मी काहीच दिलेले नव्हते.

आता सोनाकडे वळू. ही बाई 2009 पासून कोननची साहाय्यक. पॉडकास्ट सुरू झाला तेव्हा त्यांच्या ओळखीला नऊ वर्षे उलटली होती. ती काम करीत नाही, कचेरीत बसून दूरदर्शन पाहते, ही कोननची कायमची तक्रार. या तक्रारीला ती कसे उत्तर देते हे पाहण्यासारखे आहे. एखादी कामसू बाई आपण काय काय केले याची यादी वाचील. मग विनोद तिथेच संपेल आणि ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल. सोना आरोप नाकारीत नाही; उलट, तो अपुरा आहे असे म्हणून त्यात भर घालते. तिने कबुली दिली की पारडे फिरते. नोकर आळशी असेल, पण तिला वर्षानुवर्षे पगार देणारा धनी मग कोण? हसण्याचा रोख हलकेच मालकावर वळतो आणि त्याने आणखी तणतणावे यातच गंमत येते. 2022 साली तिने पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘जगातली सर्वांत वाईट साहाय्यक’ अशा अर्थाचे आहे आणि त्याला प्रस्तावना कोननची आहे. ज्या दोषावरून टोमणे पडतात तो तिने स्वतः मिरवण्यासाठी निवडलेला आहे. टोमणा झोंबत नाही याचे कारण मला यात दिसते. माझ्या विद्यार्थ्याने आपले अक्षर निवडले नव्हते.

तिसरा मॅट गोर्ली. जुन्या वस्तूंचा आणि जुन्या काळाचा त्याला शौक, म्हणून तो कोननच्या तावडीत सापडतो. परंतु त्याचे खरे काम वेगळे आहे. दोघांच्या भांडणात ऐकणारा पाहुण्यासारखा अवघडतो. तिसरा असला म्हणजे ऐकणाऱ्यालाही बसायला जागा मिळते. गोर्ली कधी सोनाच्या बाजूने उभा राहतो, कधी कोननच्या. त्यामुळे कुणी एकच माणूस सदा खाली राहत नाही.

भरवसा कानाला कसा कळतो? टोमणा पडल्यावर ज्याच्यावर तो पडला त्याचे हसणे ऐकावे. सोना पुष्कळदा कोननचे वाक्य संपण्याआधीच मोठ्याने हसते आणि लगेच उलटून बोलते. हसणे उशिरा आले, किंवा इतरांचे ऐकून आले, तर काहीतरी बिघडले असे समजावे. माझा विद्यार्थीही हसला होता. पण वर्गाच्या मागून. हे कानाने मला सांगितले होते, मी ऐकले नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणजे 2005 साली सुरू झालेला रिकी जर्वेसचा इंग्रजी पॉडकास्ट. तिथे कार्ल पिलकिंग्टन माकडांच्या अजब हकिकती खऱ्या म्हणून सांगतो आणि जर्वेस त्याच्या अकलेची, इतकेच काय त्याच्या गोल डोक्याचीही टिंगल करतो. इथे कोपरखळ्यांची देवघेव नाही, सारा मारा एका बाजूने. तरीही कार्यक्रम रंगतो, कारण कार्ल तसूभरही हलत नाही. स्टीफन मर्चंट शांतपणे पुढचा प्रश्न विचारतो तेव्हा त्या हकिकतीची खरी लज्जत कळते. जर्वेसचे खिदळणे तिच्यावर कुरघोडी करते तेव्हा माझा विरस होतो. तिथे थट्टेची कुचेष्टा होते असे माझे मत आहे.

कोननच्या कार्यक्रमालाही एक मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. ध्वनिमुद्रित कार्यक्रमात नको ते कापता येते. जे बोलणे खरोखरच लागले असेल, ते आपल्या कानी येणारच नाही. शिवाय पगार देणारा आणि घेणारी यांचे नाते हसण्याने पुसले जात नाही. सोनाला उलट बोलण्याची मोकळीक आहे, हे खरे. परंतु ती मोकळीक मालकाच्या मर्जीवर उभी आहे, हेही खरे. ते दोघे ती वर्षानुवर्षे टिकवून आहेत, यातच मला त्यांचे मोठेपण वाटते.

हे सारे मला उशिरा कळले. अलीकडे वर्गात फळ्यावर लिहिताना मी आधी माझ्याच अक्षराबद्दल बोलतो. मुले लगेच तुटून पडतात. मागच्या बाकावरून एकाने परवा सांगितले, “सर, तुमचा ‘क्ष’ पाय मोडल्यासारखा दिसतो.” मी वळून पाहिले. तो हात वर करूनच बोलला होता.