‘शामची आई’ का सापडत नाही?

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. बोलताना मात्र त्यातला ‘य’ अनेकांच्या तोंडी उमटत नाही, आणि मोबाइलवर शोधताना माणूस बोलतो तसेच लिहितो: ‘शामची आई’. मग पुस्तकविक्रीच्या किंवा ग्रंथालयाच्या ॲपमध्ये बऱ्याचदा एकच ओळ समोर येते, ‘काहीही सापडले नाही’. पुस्तक यादीत असते, प्रतीही शिल्लक असतात, वाचकाला ते हवेही असते, आणि तरी तो रिकाम्या हाताने परततो. काही हजार शीर्षकांच्या यादीत हे घडावे याचे मला वाईट वाटते, कारण एवढ्या लहान यादीत ते घडण्याला तांत्रिक कारण उरलेले नाही.

शोधाची साधने आज फुकट मिळतात आणि ती चांगली आहेत. फोनमध्येच यादी ठेवायची असेल तर SQLite मधले FTS5 आहे, सर्व्हरवर ठेवायची असेल तर Elasticsearch आहे. अडचण अशी की दोन्हींच्या मूळच्या सेटिंग्ज रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून ठरलेल्या आहेत, आणि मराठी ॲप करणारे त्या जशाच्या तशा उचलतात.

FTS5 चा नेहमीचा शब्दतोड्या `unicode61` अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो, बाकी सगळे त्याच्या लेखी शब्दांमधली मोकळी जागा असते. युनिकोडच्या वर्गवारीत आपल्या काना, मात्रा, वेलांट्या आणि हलन्त ‘अक्षर’ नसून ‘चिन्ह’ आहेत. त्यामुळे ‘पुस्तक’ हा शब्द ‘प’, ‘स’, ‘तक’ अशा तीन तुकड्यांत साठवला जातो. शोधशब्दाचेही तसेच तुकडे होत असल्यामुळे बरोबर पुस्तक सापडते, म्हणून हा दोष चाचणीत लपून राहतो. तो ओळखायचा असेल तर ‘पाणी’ शोधून पाहावे. ‘पाणी’ आणि ‘पुणे’ दोन्ही ‘प’, ‘ण’ एवढेच उरतात, त्यामुळे पाण्यावरच्या पुस्तकांत पुण्याचा इतिहास येऊन बसतो. उपाय एका ओळीचा आहे, चिन्हांचे वर्गही शब्दात धरायचे:

```sql
CREATE VIRTUAL TABLE pustake USING fts5(
  shirshak, lekhak,
  tokenize = "unicode61 categories 'L* N* Co Mn Mc'"
);
```

Elasticsearch शब्द नीट तोडते, पण तिथे चूक माफ करण्याचे गणित आडवे येते. एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, यावर हे गणित चालते. `fuzziness: AUTO` ठेवले तर दोन चिन्हांपर्यंतचा शब्द तंतोतंत जुळावा लागतो, तीन ते पाच चिन्हांच्या शब्दात एक बदल चालतो आणि त्याहून लांब शब्दात दोन. इंग्रजीत हे ठीक चालते. ‘शामची’ या शब्दात श, काना, म, च, वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे सूट एका बदलाची. ‘श्यामची’पर्यंत पोचायला मात्र हलन्त आणि ‘य’ असे दोन बदल लागतात. म्हणजे ‘शामची’वरून यंत्र ‘रामची’ला जाऊ शकते, ‘श्यामची’ला नाही. दोन्ही शब्द जुळलेच पाहिजेत अशी अट असेल तर निकाल शून्य येतो. ती अट नसेल तर शीर्षकात ‘आई’ असलेली सगळी पुस्तके येतात आणि हवे ते पुस्तक त्या ढिगात कुठेतरी असते.

माझे मत असे की मराठीत चिन्हे मोजून चूक पकडण्याचा मार्ग पहिला नव्हे, शेवटचा ठेवावा. आपल्याकडच्या चुका वाटेल तशा होत नाहीत, त्यांचे ठरलेले रस्ते आहेत. वाचक ह्रस्व-दीर्घ बदलतो, अनुस्वार घालतो किंवा गाळतो, ‘श’ आणि ‘ष’ यांची अदलाबदल करतो, ‘श्या’चा ‘शा’ करतो. काही फरक तर चुकाही नाहीत. खांडेकरांच्या कादंबरीवर ‘ययाति’ छापलेले आहे, आजच्या नियमाने शिकलेला मुलगा ‘ययाती’ लिहील. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, त्याआधीच्या शीर्षकांत ते आहेतच. ‘ॲ’ हे अक्षर तर आणखी फसवे आहे: कोणी ते एकच चिन्ह म्हणून टाइप करतो, कोणी ‘अ’वर चंद्र देतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसते, यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचे प्रमाण रूपांतरही त्यांना एक करत नाही.

म्हणून प्रत्येक शीर्षकाचे आणि लेखकाच्या नावाचे एक ढोबळ रूप तयार करून मूळ नोंदीशेजारी ठेवावे, आणि वाचकाने लिहिलेल्या शब्दांनाही त्याच चाळणीतून काढावे. अदृश्य जोडचिन्हे पुसावीत, ‘ॲ’ एकसारखा करावा, दीर्घ ते ह्रस्व करावे, अनुस्वार गाळावा, ‘ष’चा ‘श’ आणि ‘श्य’चा ‘श’ करावा.

```
श्यामची आई  →  शामचि आइ
शामची आई   →  शामचि आइ
```

हे रूप पडद्यावर कधीही दिसू नये, जुळवणीपुरतेच ते असावे. यावर एक रास्त आक्षेप आहे: अशाने ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतात, ‘वंश’ आणि ‘वश’ही. खरे आहे. पण दहा हजार शीर्षकांत अशा टकरी मोजक्याच असतात, आणि निकालांचा क्रम नीट लावला तर त्या टोचत नाहीत. तंतोतंत जुळलेले आधी यावे, ढोबळ रूपाने जुळलेले त्यानंतर, आणि चिन्हांच्या बदलाने जुळलेले सर्वांत शेवटी. रोमन लिपीत `shamchi aai`, `shyamchi aai`, `shamachi aai` असे लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक रूप लागते. त्यात `shy`चा `sh` करून आणि शब्दाच्या आरंभाचा स्वर सोडून बाकीचे स्वर गाळून व्यंजनांचा सांगाडा ठेवला की तिन्ही एकाच पुस्तकापाशी पोचतात.

टाइप करताना खाली येणाऱ्या सूचनांबाबत मोठ्या दुकानांचे अनुकरण मराठी ॲपना महागात पडते. लाखो लोक रोज काय शोधतात यावरून मोठी दुकाने सूचना काढतात. लहान ॲपपाशी तेवढे शोध जमतच नाहीत, आणि जमलेल्यांत चुकीचे लेखनच पुन्हा सूचना म्हणून वर येते. इथे सूचना यादीतूनच याव्यात. दहा हजार पुस्तकांची शीर्षके आणि लेखक धरले, प्रत्येक नोंदीला साठ चिन्हे आणि प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, तर सारे मिळून दोन मेगाबाइटच्या आत बसते. ढोबळ रूपे धरूनही ही यादी फोनमधल्या एका-दोन फोटोंएवढीच होते. ती फोनमध्येच ठेवली की सर्व्हरची वाट पाहावी लागत नाही, आणि ‘पु’चे उशिरा आलेले उत्तर ‘पुल’च्या उत्तरावर येऊन बसण्याचा नेहमीचा घोळही टळतो.

खरे कष्ट नावांच्या यादीत आहेत. ‘पुल’, ‘पु. ल.’, ‘पु ल देशपांडे’ आणि ‘पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे’ हे एकच लेखक आहेत हे कोणत्याही यंत्राला आपोआप कळत नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ त्यांच्या नावावर आहे आणि ‘जोगवा’ आरती प्रभू या नावावर. खानोलकर शोधणाऱ्या वाचकाला कविता दिसल्याच नाहीत तर ॲपने त्याच्यापासून अर्धा लेखक लपवला असे होते. कुसुमाग्रज आणि शिरवाडकर, गोविंदाग्रज आणि गडकरी, ग्रेस आणि माणिक गोडघाटे ही यादी जाणत्या माणसाने बसून करायची असते. मराठी साहित्य वाचलेल्या ग्रंथपालाला ते काम जड नाही, पण अशा माणसाला बोलावण्याची पद्धत आपल्याकडे अजून पडलेली नाही. सूचनांमध्ये लेखक, पुस्तक आणि विषय वेगवेगळे दाखवावेत. ‘खानोलकर’ या ओळीवर बोट ठेवले की लेखकाचे पान उघडेल की त्यांच्यावरचे पुस्तक, हे आधीच कळायला हवे.

सापडलेले निकाल गाळणाऱ्या फिल्टरमागचा विचार तर भारतीय ग्रंथपालानेच पक्का केला. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३३मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडले. पुस्तकाला एकाच कप्प्यात न कोंबता त्याचे वेगवेगळे पैलू वेगळे नोंदवायचे आणि हवे तसे जोडायचे, हे त्याचे सूत्र. आजचा प्रत्येक चांगला फिल्टर त्याच वाटेने चालतो. एका पैलूतले पर्याय ‘किंवा’ने जोडले जातात आणि वेगवेगळे पैलू ‘आणि’ने: कथासंग्रह किंवा कादंबरी, आणि त्यातले ई-बुक. प्रत्येक पर्यायापुढे किती पुस्तके उरतील तो आकडा हवा. तो काढताना त्या पैलूतली आधीची निवड बाजूला ठेवावी लागते. ते विसरले तर ‘कादंबरी’ निवडताच बाकीच्या प्रकारांपुढे शून्य दिसते आणि वाचकाला वाटते की कथासंग्रह संपले.

फिल्टर फसतात ते मात्र बहुधा नोंदींमुळे. एका प्रकाशकाने ‘कादंबरी’ लिहिले, दुसऱ्याने ‘कादंबऱ्या’, तिसऱ्याने ‘नॉव्हेल’, तर एकाच प्रकाराचे तीन पर्याय होतात आणि कोणताही पूर्ण नसतो. याहून मोठा घोळ वर्षाचा आहे. नोंदीत आवृत्तीचे वर्ष असते, पहिल्या प्रकाशनाचे नसते. नवी मराठी कादंबरी हवी म्हणून अलीकडची वर्षे निवडणाऱ्याला १९६३च्या ‘कोसला’ची ताजी आवृत्ती ‘नवी’ म्हणून मिळते.

एवढे करूनही काही शोध रिकामे जाणारच, आणि ॲपचा स्वभाव तिथे कळतो. रिकाम्या निकालाची कारणे वेगळी असतात, मग उत्तरही वेगळे हवे. लेखन वेगळे होते म्हणून दुसरे निकाल दाखवत असाल तर तसे सांगा: ‘“शामची आई” सापडले नाही, “श्यामची आई” दाखवत आहोत’. न सांगता बदल केला तर खरोखर दुसरे काही शोधणारा गोंधळतो. फिल्टरमुळे निकाल संपले असतील तर कोणता फिल्टर काढल्यास किती पुस्तके मिळतील ते लिहा: ‘ई-बुकची अट काढल्यास ३ पुस्तके’. पुस्तक यादीतच नसेल तर ते मान्य करा, लेखकाची इतर पुस्तके दाखवा आणि ‘आल्यावर कळवा’ अशी सोय द्या. नेटवर्क तुटले असेल तेव्हा ‘सापडले नाही’ म्हणणे ही तर सरळ चुकीची माहिती झाली. रिकाम्या पानावर खपाऊ पुस्तकांची रांग लावण्याची सध्याची रीत मला पटत नाही. वाचकाने जे विचारले त्याला तिथे उत्तरच मिळत नाही.

ॲप चालवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच की, रिकाम्या गेलेल्या शोधांची यादी दर आठवड्याला एका वाचत्या माणसाच्या हाती द्या आणि त्यातून सापडलेली नावे, लेखनभेद नावांच्या यादीत घाला. प्रकाशकांनी नवी नोंद पाठवताना पहिल्या प्रकाशनाचे वर्ष, लेखकाचे खरे नाव आणि टोपणनाव हे तीन रकाने भरून पाठवावेत.